मुका नमस्कार

वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. मंदिर म्हणायचं, पण आत मूर्ती नाही, गाभारा नाही आणि वर छप्परही नाही. उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत, तेवढंच. विनोबांनी गीताई लिहिली तीही वर्ध्यातच, ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात. येणारा माणूस सवयीप्रमाणे आपल्या आवडीचा श्लोक शोधतो, त्याच्याजवळ उभा राहून फोटो काढतो आणि बाहेर पडतो. त्या शिळांवर श्लोकांच्या मधे कोण बोलतंय हे सांगणारी नावं असतात, ती फारसं कुणी वाचत नाही. अर्जुन म्हणाला, श्री भगवान म्हणाले. नाटकाच्या पुस्तकात पात्रांची नावं असतात तशी ही दिसतात, म्हणून नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते. पण सातशे श्लोकांचा हा सगळा मामला ज्याला ऐकवला जातोय तो श्रोता जन्मापासून आंधळा आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की गीता जरा वेगळी वाचता येते. मोक्षाचा मार्ग त्यात असेलच, तो ज्याचा त्याने पाहावा. मला मात्र तिथे न दिसणाऱ्या माणसाशी बोलावं कसं याचा एक पक्का, चोख नमुना सापडतो. आणि ज्या गावात गीताई लिहिली गेली त्याच गावात हा नमुना सर्वांत कमी पाळला जातो, असं म्हणायला जागा आहे.

संजयाचं काम नीट पाहा. व्यासांनी आधी धृतराष्ट्रालाच दृष्टी देऊ केली होती, पण आपल्याच माणसांची कत्तल बघायला नको म्हणून त्याने ती घेतली नाही. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळाली आणि सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं. धृतराष्ट्राच्या वाट्याला गीतेत एकच श्लोक आहे, पहिला. तो प्रश्न विचारतो आणि मग अठरा अध्याय गप्प बसतो. संजय सुरुवात करतो तीच मुळी कोण कुणाजवळ गेला आणि काय बोलला हे सांगून: दुर्योधन द्रोणाचार्यांकडे गेला आणि म्हणाला. पुढेही बोलणारा बदलला की नाव आधी येतं, बोलणं मागून. मधूनमधून तो ‘राजा’ म्हणून हाक मारतो, म्हणजे मी अजून इथे आहे आणि तुझ्याशीच बोलतोय याची खूण देत राहतो. आता कुणी पंडित म्हणेल की ‘अमुक म्हणाला’ ही नावं श्लोकाबाहेरची आहेत, वाचकाच्या सोयीसाठी घातलेली. बरं, ती सगळी पुसून टाका. तरी दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात, डोळ्यांत पाणी आलेल्या अर्जुनाला मधुसूदन असं बोलला, हे संजयाने श्लोकाच्या पोटातच सांगितलेलं आहे.

याच्याही पुढे संजय दोन गोष्टी करतो, आणि माझा सगळा मुद्दा त्या दोन गोष्टींवर उभा आहे. दुसऱ्या अध्यायात ‘मी लढणार नाही’ असं सांगून अर्जुन गप्प बसतो. संजय तो गप्प बसल्याचं सांगतो. डोळस माणसाला ही बातमी वाटायची नाही, कारण समोरच्याचे ओठ मिटलेले त्याला दिसतात. न दिसणाऱ्याला मात्र शांतता आणि गैरहजेरी यांतला फरक कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन थरथरत हात जोडतो, नमस्कार करतो आणि मग बोलतो. संजय हात जोडल्याचंही सांगतो. नमस्काराला आवाज नसतो, हे त्या माणसाच्या लक्षात होतं. आणि हे सगळं तो रणांगणाचं वर्णन करताना करतोय, जिथे शंख, भेरी आणि हत्ती यांच्या गोंगाटात त्याला दुसरं सांगण्यासारखं खूप होतं.

आता वर्धा जिल्ह्यातला नमस्कार घ्या. आपल्याकडे भेटीचे निम्मे विधी मुके आहेत. चालत्या मोटारसायकलवरून मान वर उडवायची, झाला नमस्कार. पारावर बसलेल्या वडीलधाऱ्याकडे पाहून दोन्ही हात छातीशी न्यायचे, झाला. तोंडात खर्रा असला तर भुवया उंचावणं हा तर सर्वमान्य रामराम आहे, कारण तोंड उघडण्यात धोका असतो. जिथे आवाज आहे तिथे परिस्थिती आणखी बिकट आहे, कारण तिथे परीक्षा असते. ‘वळखलं काय?’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका अभिवादनाचा प्रकार. डोळसालाही तो छळतो, पण डोळसाकडे चेहरा, टोपी, गाडीचा नंबर अशी कॉपी करायची साधनं असतात. न दिसणाऱ्या माणसासमोर उभं राहून, आवाज मुद्दाम थोडा बदलून, ‘सांगा बरं कोन व्हय?’ असं विचारणारे सज्जन प्रत्येक गावात असतात, आणि उत्तर बरोबर आलं की टाळी देऊन भोवतीच्या लोकांना सांगतात, पाहा, आवाजावरून वळखते! चुकलं तर रुसतात. विद्यार्थ्याने अर्ज केलेला नाही, अभ्यासक्रम ठरलेला नाही, आणि परीक्षा रस्त्यात, दिवसातून पाच वेळा.

या परीक्षेत नापास होऊ नये म्हणून परीक्षार्थी काय करतो, हे ऐकण्यासारखं असतं. समजा निवृत्त गुरुजी आहेत, काचबिंदूने नजर गेलेली, आणि सेलूच्या बसस्टँडवर बाकावर बसले आहेत. समोरून आवाज येतो, ‘काय गुरुजी, कसं काय?’ गुरुजी म्हणतात, ‘बरं हाय.’ मग थोडं थांबून, ‘घरचे बरे हायेत ना?’ उत्तर येतं, ‘हाव जी.’ एवढ्यावरून कुणाचं घर ते कळत नाही. मग गुरुजी विचारतात, ‘पाऊसपाणी काय म्हणते तिकडं?’ यातलं ‘तिकडं’ हे जाळं असतं, गाव सापडावं म्हणून टाकलेलं. समोरचा म्हणतो, ‘यंदा कपाशीचं काही खरं नाही.’ हे वाक्य जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सारखंच खरं असल्यामुळे जाळं रिकामं वर येतं. ज्या न दिसणाऱ्या माणसाची उत्तरं गोड पण मोघम येऊ लागली, जो आपलं नाव घेत नाही आणि प्रश्न मात्र सर्वांना लागू पडतील असेच विचारतो, त्याने आपल्याला ओळखलेलं नसतं. तो सभ्यपणे तपास करत असतो. तो तपास थांबवण्याचा खर्च एक वाक्य आहे.

त्या वाक्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांचं नाव किंवा नातं, कारण बसस्टँडवर उडत आलेलं ‘काय म्हणता?’ आपल्याला आहे की शेजारच्याला, हे बघून ठरवण्याची त्यांची सोय नाही. मग आपलं नाव, आणि नुसतं नाव पुरत नाही. शेगाव ज्या विदर्भात आहे तिथे ‘मी गजानन’ म्हणणं म्हणजे ओळख सांगणं नसून गर्दीत मिसळणं आहे. ‘गुरुजी, मी गजानन, पवनारचा, तुमच्या शाळेत होतो,’ एवढं झालं की काम भागतं. सोबत कुणी असेल तर तेही लगेच सांगायचं, कारण गुरुजींना आपण दोघंच आहोत असं वाटत असताना तिसरा चुपचाप ऐकत उभा असणं हे फार वाईट. त्या तिसऱ्याविषयीच त्यांनी काही बोलायला सुरुवात केली, तर आणखी वाईट. हात मिळवायचा असेल तर तसं बोलून दाखवायचं. नाहीतर आपला हात हवेत आणि त्यांचा मांडीवर, अशी दोघांची झाकी बसमधले लोक बघत बसतात. पाया पडणाऱ्यांनी तर आधी बोलावंच. कल्पना नसताना कुणी पायाला हात लावला, तर आशीर्वादाच्या आधी किंचाळी येते आणि ती दिलेल्या आशीर्वादात धरता येत नाही. आवाज मात्र नेहमीचाच ठेवायचा. डोळे गेले म्हणजे कानही गेले असं समजून ओरडणारे लोक आहेत, त्यांचं नाव अर्थात सगळ्या बसस्टँडला कळतं.

या सगळ्यात नवीन काय आहे, असं विचाराल तर काही नाही. वर्धा जंक्शनवरच्या गाडीला हे आपल्याआधी जमलेलं आहे. ती आपला क्रमांक सांगते, नाव सांगते, कुठून आली, कुठे जाणार, कोणत्या फलाटावर उभी राहणार ते सांगते, उशीर झाला तर खेद व्यक्त करते आणि निघायची वेळही जाहीर करते. समोरच्या भल्यामोठ्या इंजिनाकडे पाहून ‘वळखलं काय?’ असं रेल्वेने अजून विचारलेलं नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: ‘त्याइले आवाजावरून सारं समजते.’ न दिसणाऱ्यांचे कान तीक्ष्ण असतात, निसर्ग एक दार बंद करून दुसरं उघडतो, वगैरे. न दिसणारे लोक आवाज ओळखण्यात डोळसांपेक्षा सरस असतात का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. काहींमध्ये ते सरस दिसले, काहींमध्ये फरक दिसला नाही. पण तेही सोडा. आवाज ओळखायला आवाज पुरेसा मिळावा लागतो. ‘काय जी’ या तीन अक्षरांत फार थोडा माणूस मावतो. त्यात सर्दी, मागे सुरू असलेली बस, लग्नातला डीजे, तोंडातला मघाचाच खर्रा. शिवाय माणूस नेहमीच्या जागी भेटला तर कुणीही ओळखतो. रोज दूध घालणाऱ्याचा आवाज दारात सहा वाजता ओळखू येतो, तोच हिंगणघाटच्या बाजारात दुपारी येत नाही. डोळसांचंही हेच होतं. बँकेतला रोजचा कारकून जत्रेत भेटला की आपण त्याला कुठंतरी पाहिलंय एवढंच आठवतं. आपल्याला ती सवलत मिळते आणि त्यांच्याकडून मात्र चमत्काराची अपेक्षा होते, याचं कारण मला वाटतं हे आहे की चमत्कार बघायला फुकट मिळतो.

दुसरी हरकत जास्त तिखट असते आणि ती पाठीमागे बोलली जाते. ‘काल हाच माणूस पेपर वाचत होता. आज मला वळखत नाही. सोंग आहे सारं.’ इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अंधत्व म्हणजे पूर्ण काळोख एवढाच अर्थ नाही. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे धड नजरेला ६० मीटरवरून दिसणारी गोष्ट ३ मीटरवरूनही दिसत नसेल, तर तेही अंधत्व. आणि समोरचं स्पष्ट दिसत असलं तरी दृष्टीचा परीघ १० अंशांपेक्षा कमी उरला असेल, तर तेही. या दुसऱ्या प्रकारातला माणूस पेपरातली बारीक बातमी वाचू शकतो आणि खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला साडू त्याला दिसत नाही. याच्या उलट ज्यांच्या पडद्याचा मध्यभाग बिघडतो, ते रस्त्याची कड पाहून छान चालत येतात, म्हशीला वळसा घालतात आणि ज्याच्याकडे थेट पाहावं त्याच्या चेहऱ्याच्या जागी धूसर डाग दिसतो. काहींना दुपारी ओळखता येतं आणि दिवेलागणीनंतर येत नाही. आता कुणाला किती आणि कुठून दिसतं याचा हिशेब पारावर उभं राहून लागत नाही. म्हणून नाव सरसकट सांगावं. ज्याला दिसत असेल त्याचं त्यात काही बिघडत नाही, फार तर तो म्हणेल, ‘अरे दिसला ना बापा तू मले,’ आणि बोलणं पुढे जाईल.

तिसरी हरकत मानापमानाची आहे. आपल्याच गावात आपलं नाव सांगायचं? सरपंचाने सांगायचं? ‘मी कोण ते सांगावं लागावं, एवढी का माझी पत गेली?’ ही हरकत मी हसण्यावारी नेणार नाही, कारण खरं दुखणं इथेच आहे. लोकांना नाव सांगण्याचा कंटाळा नाही. सांगावं न लागणं हा आपल्याकडे मोठेपणाचा पुरावा मानला जातो. पण याच सरपंचाने, घरात तारेचा फोन होता त्या काळात, रिसीव्हर उचलून ‘हॅलो, मी अमुक बोलतोय’ असं वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे आणि त्याची पत गेल्याची नोंद ग्रामपंचायतीत नाही. फोनवर चेहरा नाही हे सगळ्यांना पटलं होतं, म्हणून नाव सांगण्याची लाज कुणाला वाटली नाही. मोबाईलच्या पडद्यावर नाव उमटू लागलं तशी ती सवय गेली. म्हणजे आपल्याला नवं काही शिकायचं नसून विसरलेलं परत करायचं आहे.

या ठिकाणी महाभारत जाणणारा माणूस हात वर करतो, आणि त्याचा मुद्दा बिनतोड असतो. धृतराष्ट्राला नाव न सांगता भेटवल्याचंही एक उदाहरण आहे. युद्ध संपल्यावर त्याने भीमाला मिठी मारायला बोलावलं, कृष्णाने भीमाला मागे खेचून लोखंडाचा पुतळा पुढे केला, आणि म्हाताऱ्याने त्या पुतळ्याचा चुरा केला. तिथे खरी ओळख सांगितली असती तर भीम वाचला नसता. मान्य. ज्यांनी समोरच्याचे शंभरच्या शंभर मुलगे मारले असतील, त्यांना नाव न सांगण्याची मोकळीक राहावी. बाकीच्यांनी सांगावं.

भेटीचं झालं. निघण्याचं प्रकरण याहून कठीण आहे, कारण तिथे चूक करणाऱ्याला चूक कधीच दिसत नाही, तो निघून गेलेला असतो. चहाच्या टपरीवर चौघे बसलेत, गुरुजी कपाशीच्या भावावर बोलतायत. एकाचा फोन वाजतो, तो उठून बाजूला जातो. दुसऱ्याला बस दिसते, तो खुणेने निरोप घेतो. तिसरा बिल द्यायला उठतो. गुरुजी आता रिकाम्या बाकाला हमीभाव समजावून सांगतायत आणि शेजारच्या टेबलावरची पोरं हसतायत. गुरुजींना हसण्याचा आवाज येतो, कारण कळत नाही. हे एकदोनदा झालं की शहाणा माणूस प्रत्येक चार वाक्यांनंतर ‘हाय ना?’ विचारायला लागतो, आणि मग लोक म्हणतात, म्हातारा फार हेकेखोर झाला, सारखं हुंकार मागते. उपाय संजयाने सांगून ठेवलेला आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो कृष्णार्जुनांचं बोलणं संपल्यावर उठून जात नाही. असा हा संवाद मी ऐकला, असं राजाला सांगतो, मग स्वतःचं चार श्लोक मत देतो आणि थांबतो. टपरीवर एवढंही लागत नाही. ‘गुरुजी, फोन आला, बाजूला जातो,’ आणि परत आल्यावर ‘आलो.’ गर्दीतून निघताना कोण उरलंय तेही सांगावं: ‘मी चाललो, हे तुमच्या डाव्या हाताला बसले आहेत.’ आणि कुणीच उरत नसेल, तर त्यांना मोकळ्या जागेत मधोमध सोडू नये. भिंत, खांब, बाक, हाताला काहीतरी पक्कं लागेल अशा ठिकाणी पोचवून निरोप घ्यावा.

कुणी म्हणेल की बोलणं तोडून ‘चाललो’ म्हणणं उद्धटपणाचं आहे, गुपचूप सटकण्यात मर्यादा राहते. सभेतून सटकताना राहत असेल, कारण वक्त्याला रिकामी खुर्ची दिसते आणि तो समजून घेतो. इथे खुर्चीच बोलत नाही. कुणी म्हणेल, सारखं नाव सांगून आणि निरोप घेऊन आपण त्यांना त्यांच्या आंधळेपणाची आठवण करून देतो. ती त्यांना असते. आठवण राहत नाही ती आपल्याला, म्हणून तर मान उडवून निघून जातो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे आणि तिच्यावर अजून कुणी तोडगा काढलेला नाही. आपल्या भागात निरोप घेणं आणि निघणं या दोन घटनांमध्ये सरासरी एक पीकपाणी, दोन लग्नं आणि एक कोर्टकेस असते. ‘येतो मंग’ म्हणून माणूस उठतो, दारापर्यंत जातो, चौकटीला टेकून नव्या विषयाला हात घालतो, अंगणात तिसरा काढतो आणि गाडीला किक मारता मारता मूळ कामाचं बोलतो. डोळस यजमान तो कुठवर पोचला ते बघत असतो. न दिसणाऱ्या यजमानाने पहिल्याच ‘येतो’वर विश्वास ठेवून घरातल्यांना ‘गेला एकदाचा’ असं म्हटलं, तर दारातल्या पाहुण्याला ते ऐकू जातं आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून जिल्ह्यापुरती एक सुधारणा सुचवतो. पहिला ‘येतो’ रिवाजाचा समजावा. चपला पायात गेल्यावर, गाडीची चावी फिरवण्याच्या आधी, दुसऱ्यांदा नाव घेऊन सांगावं, ‘गुरुजी, मी गजानन, आता खरंच चाललो,’ आणि त्यानंतर कपाशीचं नाव काढू नये.